स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं, पण फुशारकी वाटायला नको

वाचकाचं पत्र : मी एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स पेएबलला आहे. सेल्फ-अप्रेजलमध्ये मी दरवर्षी तेच लिहिते : ‘व्हेंडर पेमेंट, जीएसटी रिकन्सिलिएशन आणि मंथ-एंड क्लोजिंग वेळेत व प्रामाणिकपणे पार पाडलं.’ आणि दरवर्षी पाचपैकी तीन मिळतात. यंदा मॅनेजरनी ‘नेमकं लिहा’ म्हणून फॉर्म परत पाठवला. एका मैत्रिणीनं लिहून दिलं : ‘जीएसटी प्रक्रियेत आमूलाग्र बदल घडवून कंपनीचे १५ लाख रुपये वाचवले.’ आकडा माझ्याच शीटमधला आहे. एप्रिलमध्ये १८ लाखांचं इनपुट क्रेडिट अडकलं होतं, मार्चमध्ये ३ लाखांचं. तरी ते वाचून मलाच कसंतरी झालं. माझं काम साहेबांना दिसतंच की! शिवाय वर्षात माझ्या हातून एक डबल पेमेंट झालंय. सहा महिने रजेवरच्या सहकारी मुलीचं कामही मी केलं, पण ते लिहिलं तर तिच्यावर बोट दाखवल्यासारखं होईल. काय लिहू? — पिंपरीहून एक वाचक

---

मैत्रिणीचं वाक्य वाचून तुम्हाला जे ‘कसंतरी’ झालं, त्याला तुम्ही संकोच म्हणताय. मला ते तुमच्यातल्या अकाउंटंटचं म्हणणं वाटतं. त्या वाक्यात हिशेब चुकलाय, आणि चुकलेला हिशेब तुमच्या नजरेला खुपतो. म्हणून फॉर्मकडे नम्रता विरुद्ध बढाई असं न बघता, ताळा जुळतो की नाही असं बघू या. हे काम तुम्हाला रोजचं आहे.

आधी ‘साहेबांना दिसतंच’ याबद्दल. तुमच्या साहेबांना दिसत असेलही. पण मध्यम आकाराच्या बहुतेक कंपन्यांत रेटिंग एकटा मॅनेजर ठरवत नाही. सगळ्या विभागांचे प्रमुख आणि एचआर एकत्र बसतात, आणि चार किंवा पाच किती जणांना द्यायचे यावर साधारण मर्यादा असते. मी फायनान्सच्या बाजूनं अशा बैठकांना बसले आहे. तिथे तुमचा मॅनेजर तुमच्यासाठी बोलतो तेव्हा त्याच्यासमोर तुमचा फॉर्म असतो. प्रॉडक्शनचा प्रमुख विचारतो, ‘हिला चार का?’ त्यावर ‘कामं वेळेत व प्रामाणिकपणे पार पाडली’ एवढंच वाचून दाखवता आलं तर तो म्हणणार, ‘ते तर सगळेच करतात.’ मॅनेजर वाईट नसतो, त्याच्या हातात काही नसतं. तुमच्या टेबलावरून कधी न गेलेल्या माणसाला दोन मिनिटांत समजावं, यासाठी हा मजकूर लिहायचा असतो. फॉर्म परत आला, याचा अर्थ तुमच्या मॅनेजरना त्या बैठकीत बोलायला काहीतरी हवं आहे, असा मी घेते.

आता ते १५ लाख. इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत याच आकड्यात आहे.

पहिला प्रश्न : हे पैसे खरंच ‘वाचले’ का? व्हेंडरनं त्याचं रिटर्न भरलं नाही की त्याचं बिल तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात, दिसत नाही, आणि २बीमध्ये दिसत नाही तोवर खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. पण ते बुडालेलंही नसतं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर, ते घ्यायची संधी असते. तोपर्यंत कंपनीला तेवढा कर रोखीनं भरावा लागतो, म्हणजे पैसा अडकतो. तुम्ही अडकलेला पैसा लवकर सोडवलात आणि बुडण्याचा धोका कमी केलात. हे चांगलं काम आहे, फक्त ते ‘१५ लाख वाचवले’ नव्हे. बैठकीत फायनान्स हेड असतील, तर ते हे वाक्य एका दमात खोडतील. एकदा असं झालं की फॉर्ममधल्या बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

दुसरा प्रश्न : एप्रिल आणि मार्च यांची तुलना रास्त आहे का? तुमच्याकडचे बरेच छोटे व्हेंडर तिमाही रिटर्न भरणारे असणार. पाच कोटींपर्यंत उलाढाल असली की तशी सवलत घेता येते. मधल्या दोन महिन्यांची बिलं चढवायची सोय त्यांना आहे, पण सक्ती नाही, आणि बरेच जण ती चढवत नाहीत. त्यामुळे त्यांची एप्रिलची बिलं मे महिन्यात तयार होणाऱ्या २बीमध्ये येतच नाहीत, ती थेट १४ जुलैच्या २बीमध्ये उगवतात. मार्च हा तिमाहीचा शेवटचा महिना. तेव्हा सगळ्यांची बिलं एकदम येतात आणि अडकलेला आकडा आपोआप खाली येतो. म्हणजे तुम्ही वर्षभर काहीही केलं नसतं, तरी एप्रिलपेक्षा मार्च चांगलाच दिसला असता. तुलना करायची तर मार्चची मार्चशी करा. मागच्या वर्षीची शीट उघडा. समजा त्यात मार्चअखेर ११ लाख अडकलेले निघाले. मग खरी घट ८ लाखांची.

तिसरा प्रश्न : हे ८ लाख कोणामुळे सुटले? व्हेंडरनिहाय यादी लावा. त्यात एखादा मोठा पुरवठादार निघेल, समजा ४ लाखांचा, ज्याच्याशी पर्चेस मॅनेजर स्वतः बोलले आणि पुढची ऑर्डर रोखून धरली. ते तुमचं नाही. उरलेले ४ लाख तुमचे : दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार झाली की १५ तारखेला न दिसणाऱ्या बिलांची यादी काढून तुम्ही प्रत्येक व्हेंडरला बिल नंबरासकट मेल करायला सुरुवात केलीत, त्यातून सुटलेले. आधी ही यादी तिमाहीला एकदा निघत होती.

पंधरावरून चारावर आलो म्हणून हिरमुसू नका. आता लिहून बघा :

‘२बीमध्ये न दिसणाऱ्या बिलांची यादी पूर्वी तिमाहीला निघत असे. मे महिन्यापासून मी ती दर महिन्याच्या १५ तारखेला काढून व्हेंडरना बिलनिहाय कळवू लागले. मागच्या मार्चअखेर ११ लाखांचं क्रेडिट अडकलेलं होतं, यंदा मार्चअखेर ३ लाखांचं. या घटीतले ४ लाख एकाच पुरवठादाराचे होते आणि ते पर्चेस विभागाच्या पाठपुराव्यानं सुटले. उरलेल्या ३ लाखांतल्या व्हेंडरची यादी आणि पुढची तारीख मासिक शीटमध्ये आहे.’

मोठ्यानं वाचा. यात बढाईची कुठली ओळ सापडते का? कौतुकाचं एकही विशेषण नाही. आधी काय होतं, तुम्ही काय बदललं, काय फरक पडला, त्यात दुसऱ्याचा वाटा किती आणि हे तपासायचं तर कुठे, एवढंच आहे. वाचणाऱ्याला ‘हुशार आहे’ हे सांगावं लागत नाही, ते त्याचं त्याला कळतं. आणि पर्चेसचं श्रेय मोकळेपणानं दिल्यामुळे पर्चेस मॅनेजरही त्या बैठकीत तुमच्या बाजूनं मान डोलावतील. हा हिशेबीपणा झाला म्हणा हवं तर, पण तो खरा आहे.

फॉर्म इंग्रजीत भरायचा असेल, तरी आधी असं मराठीत लिहून काढा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की ‘सक्सेसफुली’, ‘इफेक्टिव्हली’, ‘प्रोॲक्टिव्हली’ हे शब्द बोटांतून आपोआप उतरतात आणि मुद्दा मागे राहतो. मराठीत ‘मी यशस्वीपणे मेल पाठवला’ असं लिहायला आपलाच हात धजत नाही.

‘मी’ आणि ‘आम्ही’ याबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे बहुतेक जण इथेच अडखळतात. ‘आम्ही क्लोजिंग पाच दिवसांवर आणलं’ हे वाक्य सभ्य वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. उलट ‘मी क्लोजिंग पाच दिवसांवर आणलं’ हे खोटं, कारण स्टोअर्सनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी, वेळेत दिले नसते तर ते झालंच नसतं. मग निकाल सगळ्यांचा लिहा आणि कृती स्वतःची : ‘क्लोजिंग आठव्या दिवसावरून पाचव्यावर आलं. त्यात माझा भाग : बिल न आलेल्या जीआरएनची यादी २५ तारखेलाच स्टोअर्सला पाठवणं आणि तरतुदीच्या नोंदी महिना संपण्याआधी तयार ठेवणं.’ हे तुमच्या बाबतीत खरं असेल तरच लिहायचं, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्यासारख्या कामांची खरी अडचण पुढे आहे. पेमेंट डेस्कवर काम चांगलं चाललं की काहीच घडत नाही. ओरडा नाही, दंड नाही, लाईन बंद नाही. जे घडलंच नाही ते लिहायचं कसं? तर काय घडू शकलं असतं आणि ते घडलं नाही हे कशावरून दिसतं, ते लिहायचं. उदाहरण म्हणून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं घ्या. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षी धरावी लागते. म्हणून ‘पेमेंट वेळेत केलं’ यापेक्षा ‘३१ मार्चच्या एजिंग रिपोर्टमध्ये सूक्ष्म-लघु व्हेंडरचं मुदत उलटलेलं एकही बिल नव्हतं, त्यामुळे त्या कारणानं करात वाढ झाली नाही’ हे वाक्य कितीतरी वजनदार आहे. कुठलं बिल किती दिवस थकलंय हे दाखवणारा एजिंग रिपोर्ट सिस्टिममध्ये आहेच, तारीख टाकली की निघतो. दोनचार बिलं राहिली असतील, तर तीही आकड्यानं लिहा आणि का राहिली ते एका ओळीत सांगा. बिल वादात होतं का, माल परत गेला होता का, ते.

मात्र प्रत्येक गोष्टीला आकडा शोधत बसू नका. ‘वर्षात ६,००० बिलं एंटर केली’ हा आकडा मोठा दिसतो, पण बिलं किती येणार हे तुमच्या हातात नव्हतं. कामाचा भार सांगायला तो एकदा चालेल, कर्तबगारी म्हणून नाही. जिथे आकडा नाही तिथे प्रसंग लिहा : कुठल्या ऑडिट मुद्द्याचं उत्तर तुम्ही तयार केलं आणि तो मुद्दा अंतिम अहवालातून वगळला गेला, असं काही. ऑडिटरचा तो मेल म्हणजेच पुरावा.

आता डबल पेमेंट. लिहायचं की नाही?

लिहायचं. ते मॅनेजरना माहीत आहे, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, कदाचित ऑडिटरच्या वहीतही आहे. तुमच्या फॉर्ममध्ये ते नसेल, तर बैठकीत दुसरं कोणीतरी ते काढेल आणि तेव्हा ते लपवल्यासारखं दिसेल. पण पश्चात्तापाचा परिच्छेद नको. काय झालं, रक्कम परत आली का, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, एवढ्या तीन ओळी पुरतात. कारण मात्र खरं शोधून लिहा. डबल पेमेंटमागे मला सर्रास दिसलेलं कारण म्हणजे एकच बिल दोनदा आलं, एकदा मेलवर आणि एकदा मालासोबत कागदावर, आणि एंट्री करताना एकदा नंबर `123/25-26` असा पडला, दुसऱ्यांदा `123-25-26` असा. बऱ्याच सिस्टिममधली डुप्लिकेट तपासणी नंबर हुबेहूब सारखा असला तरच अडवते, त्यामुळे तिला ही दोन वेगळी बिलं वाटतात. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल तर लिहा : ‘ऑगस्टमध्ये एका बिलाचं पेमेंट दोनदा गेलं. पंधरा दिवसांत पुढच्या बिलातून वळतं केलं. बिल नंबर दोन पद्धतींनी टाकला गेल्यामुळे सिस्टिमनं अडवलं नव्हतं. तेव्हापासून पेमेंट रनआधी व्हेंडर, रक्कम आणि बिलाची तारीख या तिन्हींवर सारख्या नोंदी तपासते. त्यानंतर असं झालेलं नाही.’ तपासणी सुरू केलीच नसेल तर आजच सुरू करा, आणि फॉर्ममध्ये ‘एप्रिलपासून सुरू केली’ असं जे असेल ते लिहा. मागची तारीख टाकायचा मोह नको.

रजेवर गेलेल्या सहकारी मुलीचं नाव किंवा रजेचं कारण लिहायची गरजच नाही. तिनं हक्काची रजा घेतली, तिच्याविरुद्ध काही मांडायचं नाहीये. जागा मोकळी होती आणि काम तुमच्याकडे आलं, एवढंच तथ्य आहे : ‘ऑक्टोबर ते मार्च या काळात दुसऱ्या डेस्कचे अंदाजे १२० व्हेंडर अतिरिक्त जबाबदारी म्हणून माझ्याकडे होते. या सहा महिन्यांत क्लोजिंगची तारीख बदलली नाही.’ यात कुठे बोट दाखवलंय? पण दुसरी बाजूही आहे. या काळात तुमचं एखादं काम मागे पडलं असेल, समजा व्हेंडर बॅलन्स कन्फर्मेशन निम्मीच झाली, तर तेही इथेच लिहा. सगळं काही निभावलं असं लिहिलंत, तर पुढच्या वर्षी दोन डेस्क कायमचे तुमच्या गळ्यात पडतील. हे मी थट्टेनं म्हणत नाहीये.

पुरावे गोळा करायला दोन-तीन संध्याकाळी लागतील. सेंट मेलमध्ये ‘२बी’, ‘पेंडिंग’, ‘डेबिट नोट’ असे शब्द टाकून महिन्यानुसार चाळा. कॅलेंडर बघा, ऑडिटच्या शंकांची फाईल बघा. वर्षाच्या सुरुवातीला जे केआरए, म्हणजे काम ज्यांवर मोजायचं ते मुद्दे, ठरले होते ते शेजारी उघडे ठेवा, कारण बैठकीत मोजमाप त्यांच्याच पट्टीनं होणार. तुम्ही सुंदर काम केलं पण ते कुठल्याच केआरएत बसत नसेल, तर ते ‘अतिरिक्त’ म्हणून वेगळं मांडा. एक पथ्य पाळा : यातलं काही स्वतःच्या खासगी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. व्हेंडरचे दर आणि बँक तपशील त्यात असतात, आणि अप्रेजलच्या नादात डेटा बाहेर नेल्याची चौकशी मागे लागायला नको. फॉर्मला जोडायचं तर फाईलचं नाव आणि शेअर्ड फोल्डर लिहिलं तरी पुरतं.

लांबीचं म्हणाल तर तीन मोठे मुद्दे पूर्ण लिहा आणि बाकीची नेहमीची कामं दोन ओळींत एकत्र करा. दहा मुद्दे सारख्याच जोरानं लिहिले की वाचणारा नेमका सगळ्यात किरकोळ मुद्दा लक्षात ठेवतो. क्रम असा लावा : अडकलेलं क्रेडिट, मग दोन डेस्कचा काळ, मग सूक्ष्म-लघु व्हेंडर. डबल पेमेंट ‘सुधारणेचे मुद्दे’ या रकान्यात जाईल.

स्वतःला गुण द्यायचा रकाना असेल तर पाच टाकून घासाघीस करू नका, आणि भिडेखातर तीनही टाकू नका. एचआरकडून रेटिंगची व्याख्या मागवा, बहुतेक ठिकाणी ती लिखित असते. ‘चार म्हणजे अपेक्षेपेक्षा सातत्यानं जास्त’ असं असेल, तर क्रेडिटच्या मुद्द्यावर चार द्या आणि पेमेंटच्या मुद्द्यावर, डबल पेमेंट धरून, तीन. मुद्देनिहाय गुण वेगवेगळे असले की बघणाऱ्याला वाटतं, हिनं विचार करून भरलंय.

अंतिम फॉर्म टाकण्याआधी मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागा. ‘तुम्ही नेमकं लिहा म्हणालात, तसा प्रयत्न केलाय. यातला कुठला आकडा तुम्हाला पटत नाही ते सांगा,’ असं विचारा. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकू येईल. आकड्याबद्दल विचारलंत तर चूक आत्ताच सापडेल, आणि हे आकडे त्यांच्या डोक्यातही बसतील.

एवढं करूनही तीनच मिळू शकतात. चाराची संख्या मर्यादित असेल आणि दुसऱ्या कुणाचं वर्ष अधिक चांगलं गेलं असेल, तर तुमचा फॉर्म कितीही नीट असला तरी तीच मर्यादा लागू पडते. तसं झालं तर रुसून न बसता एकच गोष्ट विचारा : ‘पुढच्या मार्चला तुम्ही माझ्या कामातला कुठला आकडा बघणार?’ उत्तर आलं की त्याच आठवड्यात ते नव्या वर्षाच्या केआरएत लिहून घ्या, आणि तो आकडा आज किती आहे, हेही शेजारी नोंदवा.